लिथियमचे पाहुणे बाहेर पडल्यावर यजमानाचे थर एकमेकांपासून दूर का जातात?

मीमांसा

नमस्कार. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. लिथियम-आयन विजेरी समजावताना मी अनेक वर्षे यजमान आणि पाहुणे यांचे रूपक वापरत आले आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या सपाट थरांचे घर आणि LiCoO₂ म्हणजे कोबाल्ट व ऑक्सिजन यांच्या थरांचे दुसरे घर. विजेरी चार्ज होताना लिथियमचे पाहुणे ऑक्साइडच्या घरातून निघून ग्रॅफाइटच्या घरी येतात आणि डिस्चार्ज होताना परत जातात. घर मोडत नाही, पाहुणे फक्त थरांच्या मधल्या जागेत ये-जा करतात, एवढे विद्यार्थ्यांना चांगले समजते.

या वर्षी एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आणि माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. पहिला प्रश्न असा, की ग्रॅफाइटमध्ये पाहुणे आले की थरांमधले अंतर ३.३५ अँगस्ट्रॉमवरून ३.७० अँगस्ट्रॉम होते आणि हे रूपकात बसते. मात्र LiCoO₂ मधून निम्मे लिथियम बाहेर काढले, तर थर जवळ येण्याऐवजी एकमेकांपासून दूर जातात, असे क्ष-किरण विवर्तनाच्या तक्त्यात दिसते. थरांच्या दिशेने मोजलेली एककोष्ठाची उंची सुमारे १४.०५ वरून १४.४ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. पाहुणे गेल्यावर घर मोठे कसे होते?

दुसरा प्रश्न असा, की ग्रॅफाइटमध्ये लिथियम सर्व मजल्यांवर सारखे का पसरत नाही? अर्धे भरलेल्या ग्रॅफाइटमध्ये एक मजला पूर्ण भरलेला आणि त्याच्या शेजारचा पूर्ण रिकामा, असे पुस्तकात का दाखवतात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. रूपक चुकीचे असेल, तर ते सोडून देण्याची माझी तयारी आहे.

जुना_वाचक

मीमांसाताई, धागा फार चांगला आहे. मी यंत्र अभियंता आहे, रसायनशास्त्रज्ञ नाही, तरी माझा तर्क मांडतो. हा सगळा आकाराचा प्रश्न असावा. लिथियमचा आयन लहान असल्यामुळे तो थरांमधल्या फटीत शिरू शकतो आणि सोडियमचा आयन मोठा असल्यामुळे ग्रॅफाइटमध्ये शिरू शकत नाही, असे मी वाचले आहे. ऑक्साइडच्या बाबतीत, लिथियम बाहेर पडल्यावर तिथली जागा मोकळी होते आणि थरांवरचा ताण सुटून ते थोडे सैल होत असावेत. दाबून बांधलेल्या गठ्ठ्याची दोरी सोडली, की गठ्ठा फुगतो, तसा हा प्रकार वाटतो.

अधोरेखित

मी गेली काही वर्षे प्रयोगशाळेत विजेरीच्या विद्युतअग्रांवर काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

जुना_वाचक काका, तुमची दोरीची उपमा अर्धी बरोबर आहे आणि ती मला आवडली, परंतु दोरी म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. LiCoO₂ मध्ये प्रत्येक थर कोबाल्टचा असतो आणि त्याच्या वरून व खालून ऑक्सिजनची आवरणे असतात. त्यामुळे शेजारच्या दोन थरांचे ऑक्सिजन समोरासमोर येतात. दोन्ही बाजूंवर ऋण प्रभार आहे, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलतात. त्यांच्या मधोमध धन प्रभाराचा लिथियम बसलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंना आपल्याकडे ओढून धरतो. काकांची दोरी म्हणजे हा लिथियमच आहे. निम्मे लिथियम बाहेर गेले, की ओढ निम्मी होते, ढकलणे मात्र जवळपास तेवढेच राहते, आणि थर दूर सरकतात. वाढ फार मोठी नाही. १४.०५ वरून १४.४ म्हणजे अडीच टक्के, आणि एककोष्ठात असे तीन थर असल्यामुळे प्रत्येक थरामागे ०.१ अँगस्ट्रॉमच्या थोडे वर.

ग्रॅफाइटची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचे थर प्रभाररहित आहेत आणि ते केवळ व्हॅन डर वाल्सच्या दुर्बल आकर्षणाने एकमेकांवर टेकलेले आहेत. तिथे लिथियम शिरले, की ते पाचरीसारखे थरांना बाजूला करते. एकाच पाहुण्याची एका घरी पाचर होते आणि दुसऱ्या घरी दोरी. फरक पाहुण्यात नाही, यजमानात आहे.

आता पुढचा भाग, जो विद्यार्थिनीला आवडेल. ऑक्साइडमधून लिथियम काढतच राहिलो, तर ही वाढ थांबते आणि शेवटी थर झपाट्याने जवळ येतात. जवळजवळ पूर्ण रिकाम्या CoO₂ मध्ये एका थराची उंची ४.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेतल्या ४.७ पेक्षाही बरीच कमी. कारण लिथियमबरोबर इलेक्ट्रॉनही निघून जातात, ते केवळ कोबाल्टचे नसतात, ऑक्सिजनचाही त्यात वाटा असतो. ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार कमी झाला, की ढकलणेच उरत नाही. म्हणून घर आधी फुगते आणि नंतर मिटते. ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवून निम्मेच लिथियम वापरण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यामागे या मिटण्यापासून दूर राहणे हे एक मोठे कारण आहे.

स्वरूपा

अधोरेखित यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मनातली एक शंका दूर झाली, असे मला वाटते. माझा दोन वर्षे वापरलेला फोन मागून इतका फुगला, की त्याचा पडदा उचलला गेला. ग्रॅफाइटचे थर दहा टक्के रुंदावतात आणि ऑक्साइडचेही रुंदावतात, तर मग विजेरी फुगणे हे स्वाभाविकच आहे ना? डिस्चार्ज केल्यावर ती पुन्हा पूर्ववत होईल का?

अधोरेखित

स्वरूपाताई, कृपया ती विजेरी चार्ज करू नका, टोचू किंवा दाबू नका, आणि फोन दुरुस्तीच्या जाणकाराकडे द्या. तुम्ही सांगता तो प्रकार वेगळा आहे.

तुमचा तर्क एका मर्यादेपर्यंत खरा आहे. LiCoO₂ आणि ग्रॅफाइटच्या विजेरीत चार्जिंगच्या वेळी दोन्ही बाजू एकाच वेळी रुंदावतात आणि पाकिटासारख्या विजेरीची जाडी खरोखरच मोजता येईल इतकी वाढते. परंतु ही वाढ एकूण जाडीच्या काही टक्क्यांइतकीच असते आणि डिस्चार्ज झाल्यावर ती परत जाते. पडदा उचलला जाईल इतका फुगवटा वायूमुळे येतो. इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन तयार झालेला वायू बंद पाकिटात अडकतो आणि तो डिस्चार्ज केल्याने जात नाही. ओळखण्याची खूण साधी आहे. थरांमुळे आलेली वाढ प्रत्येक फेरीत येते आणि जाते, वायूमुळे आलेली वाढ येते आणि राहते.

स्वरूपा

आभारी आहे. फोन बंद करून बाजूला ठेवला आहे.

तिर्यक

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. ग्रॅफाइटमध्ये पोहोचल्यावर लिथियम आयनाला बाहेरच्या तारेतून आलेला इलेक्ट्रॉन मिळतो. मग तो आयन राहत नाही, लिथियमचा अणू होतो आणि ग्रॅफाइटच्या थरांत धातूचे लिथियम साठते. मला हे असेच शिकवले गेले होते. म्हणजे पाहुणा रस्त्यात आयन आणि घरात धातू, बरोबर ना?

अधोरेखित

ही समजूत बऱ्याच जणांची असते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन पाहुण्याला मिळत नाही, यजमानाला मिळतो. तारेतून आलेला इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरात पसरतो आणि लिथियम बऱ्याच अंशी आयनच राहतो. याचा चांगला पुरावा लिथियम-७ च्या एनएमआरमध्ये मिळतो. धातूरूप लिथियमची खूण साधारण २६० पीपीएमच्या आसपास येते, तर LiC₆ ची ४० ते ४५ पीपीएमच्या आसपास. दोन्ही एकच पदार्थ असते, तर खुणा इतक्या दूर पडल्या नसत्या. विजेरी न फोडता आत धातू साठू लागला आहे का, हे याच फरकावरून ओळखता येते.

ऑक्साइडच्या बाजूलाही तेच घडते. लिथियम बाहेर पडताना आपला प्रभार बदलत नाही. बदल होतो तो कोबाल्ट आणि ऑक्सिजनच्या थरात.

नीलकांत

मीमांसाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि माझ्या मते तोच अधिक सुंदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रॅफाइटच्या दोन थरांमध्ये पहिला लिथियम शिरतो, तेव्हा त्याला थर विलग करण्याची किंमत मोजावी लागते. ही किंमत पाहुण्यांच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते. फट एकदा उघडली, की दहावा पाहुणाही जवळपास त्याच किमतीत आत येतो. त्यामुळे चार मजल्यांवर पाव-पाव पाहुणे बसवण्यापेक्षा एक मजला पूर्ण भरणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. दुसरीकडे, भरलेले दोन मजले एकमेकांना लागून असणे परवडत नाही, कारण दोन्हींवरचे लिथियम धनप्रभारित आहेत. म्हणून भरलेले मजले शक्य तितके दूर राहतात. या दोन कारणांच्या ओढाताणीतून पायऱ्या तयार होतात. दोन भरलेल्या मजल्यांच्या मध्ये कार्बनचे जितके थर असतात, तितक्या क्रमांकाची ती पायरी म्हणतात. थोडे लिथियम असते तेव्हा चौथी आणि तिसरी पायरी, निम्मे भरल्यावर दुसरी, म्हणजे LiC₁₂, आणि पूर्ण भरल्यावर पहिली, म्हणजे LiC₆.

मजला पूर्ण भरला, म्हणजे प्रत्येक जागा भरली, असेही नाही. LiC₆ मध्ये कार्बनच्या तीन षटकोनांमागे एकच लिथियम असतो, कारण शेजारच्या षटकोनावर दुसरा बसला, तर ते दोघे एकमेकांच्या फार जवळ येतात. शिवाय यजमानही आपली मांडणी बदलतो. रिकाम्या ग्रॅफाइटमध्ये एक थर दुसऱ्यावर थोडा सरकून बसलेला असतो. लिथियम आल्यावर वरखालचे षटकोन अगदी समोरासमोर येतात, म्हणजे पाहुण्याला दोन्ही बाजूंनी सारखी बैठक मिळते.

जुना_वाचक

नीलकांत, हे समजले, पण एक गोष्ट मनाला पटत नाही. तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायचे, तर भरलेले काही मजले पूर्ण रिकामे करून शेजारचे मजले भरावे लागतील. पाहुणे कार्बनच्या थरातून आरपार जातात का?

नीलकांत

काका, तुम्ही जिथे बोट ठेवले आहे, तिथेच या विषयातला खरा पेच होता.

निर्दोष कार्बन थराच्या षटकोनातून लिथियम आरपार जाणे जवळपास अशक्य आहे. थराला भोक किंवा दोष असेल तरच ते शक्य होते. पुस्तकातले सपाट मजल्यांचे चित्र जुने आहे. रुडॉर्फ आणि हॉफमन यांनी १९३८ साली ग्रॅफाइट आणि आम्लांच्या संयुगांसाठी ते मांडले होते. त्या चित्राप्रमाणे पायरी बदलताना पाहुण्यांना प्रत्येक वेळी कडेपर्यंत परत जाऊन दुसऱ्या मजल्यावर शिरावे लागेल, आणि प्रत्यक्षात तसे घडताना दिसत नाही.

१९६९ साली डोमा आणि हेरॉल्ड यांनी वेगळे चित्र मांडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोणताही मजला कायमचा रिकामा नसतो. प्रत्येक मजल्यावर पाहुणे असतात, पण ते बेटांसारखे घोळक्याने बसतात. एका मजल्यावर जिथे बेट आहे, तिथे वरच्या मजल्यावर मोकळी जागा असते आणि तिथून थोड्या अंतरावर वरच्या मजल्याचे बेट सुरू होते. कार्बनचे थर लवचीक असल्यामुळे ते बेटांभोवती वर-खाली वळतात. स्फटिकाचा कोणताही एक लहान भाग पाहिला, तर एकाआड एक मजला भरलेला दिसतो, आणि पायरी बदलायची, तर बेटांनी आपल्याच मजल्यावर आडवे सरकायचे असते. कोणालाही मजला ओलांडावा लागत नाही. मीमांसाताई, तुमच्या विद्यार्थिनीला पुस्तकातले चित्र शंकास्पद वाटले असेल, तर तिची शंका रास्त आहे.

प्राजक्ता_क

अप्रतिम प्रतिसाद. हे बेटांचे चित्र मी पहिल्यांदाच वाचले. वाचनखूण साठवली आहे.

अधोरेखित

नीलकांत यांनी सांगितलेल्या पायऱ्या डोळ्यांनी पाहता येतात, म्हणून आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग सांगतो. काचेची खिडकी असलेल्या कोष्ठात ग्रॅफाइटचे पातळ विद्युतअग्र आणि समोर लिथियमची चकती ठेवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मूळचा करडा रंग आधी गडद निळसर होतो, LiC₁₂ जवळ तांबडा होतो आणि LiC₆ ला सोनेरी. रंग बदलण्याचे कारण पुन्हा तेच, की कार्बनच्या थरात इलेक्ट्रॉन वाढतात आणि प्रकाशाशी त्यांचे वागणे बदलते.

आकडे साधे घेऊ. ग्रॅफाइटची पूर्ण क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-तास असते. दहा मिलिग्रॅम ग्रॅफाइट घेतले, तर ३.७२ मिलीअँपिअर-तास होतात. हे वीस तासांत भरायचे, तर प्रवाह ०.१८६ मिलीअँपिअर लागतो. लिथियम धातूच्या तुलनेत मोजलेले व्होल्टेज खाली उतरत जाते, मात्र सरळ रेषेत नाही. ते ०.२ व्होल्टच्या आसपास थोडे रेंगाळते, मग ०.१२ व्होल्टला सपाट होते, आणि शेवटी ०.०८५ व्होल्टला बराच वेळ सपाट राहते. ही शेवटची सपाटी म्हणजे तांबड्याचे सोनेरी होणे, आणि निम्मी क्षमता तिच्यातच असते. म्हणून हिशेबाने दहाव्या तासाला सोनेरी दिसू लागायला हवे. आमच्याकडे पहिल्या फेरीत ते उशिरा दिसले, कारण पहिल्या फेरीत काही लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरचे पटल तयार होण्यात खर्च होते आणि थरांपर्यंत पोहोचतच नाही.

सगळ्यात जास्त शिकवून गेले ते पुढचे. प्रवाह दहापट केला, तेव्हा इलेक्ट्रोलाइटकडची कड सोनेरी झाली, तिच्या मागे तांबडा पट्टा होता आणि आत खोलवर अजून निळेच होते. प्रवाह बंद करून ठेवल्यावर मला वाटले होते, की रंग लवकरच सारखे होतील. निळा भाग पुष्कळ कमी झाला, पण सोनेरी आणि तांबडा शेजारी शेजारी तासन् तास तसेच राहिले. विचार केल्यावर कारण कळले. सपाटीचा अर्थच असा, की तांबडी आणि सोनेरी अवस्था एकाच व्होल्टेजला समतोलात आहेत. पाण्याची पातळी सारखी असलेल्या दोन हौदांमध्ये पाणी वाहत नाही, तसे सोनेरीतून तांबड्याकडे जाण्याला काही प्रेरणाच नाही.

तिर्यक

०.०८५ व्होल्ट म्हणजे धातूरूप लिथियमच्या फारच जवळ. मग दहापट प्रवाहात धातू साठण्याचा धोका नाही का?

अधोरेखित

आहे, आणि तोच खरा धोका आहे. शून्य व्होल्टला लिथियम धातू म्हणून बसू लागते आणि ग्रॅफाइट आपले शेवटचे निम्मे पाहुणे त्याच्या जेमतेम ०.०८५ व्होल्ट वर घेत असते. वेगाने चार्ज केले किंवा थंडीत केले, की दाराशी येणाऱ्यांची संख्या आत जाणाऱ्यांपेक्षा जास्त होते, पृष्ठभागावरचे व्होल्टेज शून्याखाली उतरते आणि लिथियम दाराबाहेरच धातूच्या रूपात जमते. त्यातला काही भाग पुढे थरांत शिरतो, काही इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करून कायमचा वाया जातो. संशय असेल, तर चार्जिंग थांबल्यावर विश्रांतीत किंवा डिस्चार्जच्या सुरुवातीला व्होल्टेजची एक लहानशी जादा पायरी दिसते का, ते पाहावे. जमलेला धातू आधी परत जात असल्याची ती खूण असते. कोष्ठ उघडल्यावर सोनेरी पृष्ठभागावर राखाडी, चंदेरी डाग दिसतात.

प्राजक्ता_क

जुना_वाचक काकांच्या पहिल्या प्रतिसादातला सोडियमचा मुद्दा मागे राहिला. मी सोडियमवर काम करते. सोडियम मोठा आहे म्हणून शिरत नाही, हे सगळीकडे वाचायला मिळते, पण पोटॅशियम सोडियमहून मोठा आहे आणि तो ग्रॅफाइटमध्ये सहज शिरतो. KC₈ तयार होते आणि थरांमधले अंतर ५.३ अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते. म्हणून केवळ आकार हे उत्तर असू शकत नाही.

प्रचलित स्पष्टीकरण असे आहे, की सोडियम आणि कार्बन यांच्यातले बंधन इतके दुर्बल आहे, की थर उघडण्याची किंमत त्यातून भरून निघत नाही. त्यापेक्षा सोडियमला धातू म्हणून बाहेर जमणे परवडते. लिथियम लहान असल्यामुळे कार्बनशी घट्ट बिलगतो, तर पोटॅशियमला धातुरूप सोडण्याची किंमत कमी पडते. सोडियम या दोन्हींच्या मध्ये अडकतो. मला हे बऱ्याच अंशी पटते, तरी कोणत्या घटकाचा वाटा किती, याबद्दल संशोधकांत अजून एकमत नाही. गंमत अशी, की डायग्लाइमसारखे द्रावक वापरले, तर सोडियम द्रावकाच्या रेणूंना सोबत घेऊन ग्रॅफाइटमध्ये जातो आणि परतही येतो.

जुना_वाचक

पोटॅशियमचे उदाहरण वाचल्यावर माझा आकाराचा मुद्दा मी मागे घेतो. परंतु प्राजक्ताताई, सोडियम द्रावकाला घेऊन आत जातो म्हणता, मग लिथियम का जात नाही?

प्राजक्ता_क

जातो, आणि तेव्हा घराची नासधूस होते. इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियमचा आयन कधी एकटा नसतो. साधारण चार द्रावक रेणू त्याला घेरून असतात. थरांत शिरण्यापूर्वी त्याला हे आवरण उतरवावे लागते, आणि बहुतेकदा आत जाण्यातला सगळ्यात सावकाश भाग हाच असतो.

प्रोपिलीन कार्बोनेट वापरले, तर आयन आवरणासकट आत शिरतो, आतच द्रावकाचे विघटन होते आणि थर पापुद्र्यांसारखे सुटून येतात. त्याची खूण म्हणजे व्होल्टेज ०.८ व्होल्टच्या आसपास अडकून बसते आणि कितीही प्रवाह दिला तरी खाली उतरत नाही. एथिलीन कार्बोनेट वापरले, तर दाराशी घट्ट पटल तयार होते, जे लिथियमला जाऊ देते आणि द्रावकाला बाहेर ठेवते. या दोन द्रावकांत केवळ एका मिथिल गटाचा फरक आहे. एथिलीन कार्बोनेट शुद्ध स्वरूपात साधारण ३६ अंशांना वितळते, म्हणून आधी लोक द्रवरूप असलेल्या प्रोपिलीन कार्बोनेटकडेच वळत असत. १९९० साली फाँग, फॉन साकेन आणि डाहन यांनी एथिलीन कार्बोनेट असेल तर ग्रॅफाइट टिकते, हे स्पष्ट दाखवले. पटलाची रचना नेमकी कशी असते, यावर मात्र आजही वाद होतात.

मीमांसा

सर्वांचे मनापासून आभार. मी हा धागा विद्यार्थिनीला वाचून दाखवला. पाचर आणि दोरी हा भेद तिला लगेच कळला आणि बेटांचे चित्र तिने स्वतः वहीत काढले. त्यामुळे रूपक मी ठेवणार आहे, पण आता प्रत्येक वेळी विचारणार आहे, की यजमानावर प्रभार आहे की नाही.

तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला. ग्रॅफाइटमध्ये एकाआड एक मजला भरतो, तर LiCoO₂ रिकामे होताना एकाआड एक मजला का रिकामा होत नाही? तिचा अंदाज असा आहे, की ऑक्साइडचे मजले आधीच उघडे असल्यामुळे फट उघडण्याची किंमत तिथे लागत नाही. हे बरोबर आहे का?

नीलकांत

तिचे अभिनंदन करा, कारण तिने योग्य जागी विचार नेला आहे. सुरुवातीला नेमके तेच घडते. निम्मे लिथियम निघून जाईपर्यंत सर्व मजल्यांवरून सारखेच पाहुणे जातात, आणि निम्मे उरल्यावर ते प्रत्येक मजल्यावर एकाआड एक ओळीत बसतात. रायमर्स आणि डाहन यांनी १९९२ साली ही मांडणी दाखवली. ती ४.१५ व्होल्टच्या सुमारास घडते आणि चार्जिंगच्या आलेखात तिथे व्होल्टेजची बारीकशी पायरी दिसते.

मात्र पुढे गोष्ट बदलते. लिथियम फार थोडे उरले, की अधोरेखित यांनी सांगितल्याप्रमाणे थर मिटू लागतात, आणि मिटलेली फट पुन्हा उघडी ठेवण्याला किंमत पडते. म्हणजे ऑक्साइडची अवस्था ग्रॅफाइटसारखी होते. व्हॅन डर व्हेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली गणिताने सांगितले होते, की अशा वेळी एकाआड एक मजला भरलेला आणि रिकामा अशी अवस्था तयार व्हावी, आणि पुढे ती विवर्तनात सापडली. तिला एच१-३ म्हणतात.

अधोरेखित

आमच्याकडे ती ४.५ व्होल्टच्या पुढे दिसते, आणि ती पुन्हा पुन्हा घडवून आणली, की कण तडकू लागतात. मिटलेले आणि न मिटलेले मजले एकाच कणात शेजारी असतील, तर त्यांच्या सीमेवर ताण येणारच. निकेल अधिक असलेल्या ऑक्साइडमध्ये हेच मिटणे आणखी खालच्या व्होल्टेजला होते आणि तिथे तडे सूक्ष्मदर्शकात अगदी स्पष्ट दिसतात. तडे प्रथम कणाच्या आत सुरू होतात की लहान कणांच्या सांध्यांवर, हे मला माझ्या नमुन्यांवरून अजून ठरवता आलेले नाही. कोणी कणाचा काप घेऊन पाहिले असेल, तर कृपया लिहावे.

प्राजक्ता_क

मी सोडियमच्या थरयुक्त ऑक्साइडचे काप घेतले आहेत. आमच्याकडे तडे थरांना समांतर जातात आणि कणाच्या आतच सुरू झालेले दिसतात. तुमच्या निकेलच्या नमुन्यांत लहान कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतील, तर सांधे आधी सुटणे शक्य आहे. छायाचित्रे शोधून या धाग्यावर टाकते.